शेजारी स्वस्त पोळी-भाजी केंद्र उघडलं, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात पाचपाखाडीला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीत दुसरं केंद्र सुरू झालं आणि बाहेर पाटी लागली: 'पोळी १० रुपये'. आमची पोळी तेव्हा १४ला होती. त्यानंतर काय केलं, काय चुकलं, हे ओळखीच्या एक-दोघींना सांगितलं. मग कळवा, कोलशेत, ऐरोली, नेरूळहून मेसेज येऊ लागले. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. आकडे माझ्या तेव्हाच्या वहीतले आहेत. तुमच्याकडे भाडं, पीठ, मजुरी वेगळी असणार, तेव्हा रीत घ्या, आकडे तुमचे घाला.

१. समोर पाटी लागली. पहिल्या आठवड्यात नेमकं काय करू?

भावाला हात लावू नका आणि मोजायला लागा. गल्ला मोजून उपयोग नाही, कारण गल्ला फसवतो. संकष्टीला पोळ्या कमी जातात, मार्गशीर्षातल्या गुरुवारी कमी जातात, मे महिन्यात अर्धं पाचपाखाडी गावाला गेलेलं असतं. अशा दिवशी गल्ला हलका दिसला की सगळा दोष नव्या दुकानाला लागतो.

मी रोजच्या घरांची यादी केली. आमच्याकडे आठवड्यातून चार-पाच दिवस येणारी ७५ घरं होती. साधारण एका घराला ८ पोळ्या आणि पाव किलो भाजीचा एक डबा. रोज रात्री यादीत खुणा करायच्या: कोण आलं, कोण नाही, कोण आलं पण फक्त भाजी घेऊन गेलं. ही शेवटची खूण सगळ्यात कामाची निघाली. पोळी तिकडून आणि भाजी आपल्याकडून, असं करणारी घरं 'गेलेली' नसतात. त्यांना पोळीचा भाव खुपतो, चव नाही.

तीन आठवडे एवढंच करा. नवीन दुकान उघडलं की पहिले पंधरा दिवस सगळेच एकदा जाऊन बघतात, आपली सख्खी नणंदसुद्धा.

२. त्याला एवढं स्वस्त परवडतं तरी कसं?

विकत आणा आणि वजन करा. मी दहा पोळ्या मागवल्या, एकदा सकाळी अकराला आणि एकदा रात्री आठला, आणि घरातल्या वजनकाट्यावर ठेवल्या. दोन्ही वेळा दहा पोळ्या ३०० ग्रॅमच्या आसपास भरल्या. आमच्या दहा ४२० ग्रॅम. म्हणजे तिकडे १०० रुपयांत ३०० ग्रॅम आणि आमच्याकडे १४० रुपयांत ४२० ग्रॅम. भाग देऊन बघा, दोन्हीकडे १०० ग्रॅमला ३३ रुपये पडतात. ज्याने माझी तीन रात्रींची झोप उडाली होती, ते एका काट्यावर ठेवून कळण्यासारखं होतं.

पण दर वेळी असंच निघेल असं नाही. स्वस्ताईची कारणं वेगवेगळी असतात आणि कारणाप्रमाणे तुमचं उत्तर बदलतं. गाळा स्वतःचा असेल, घरच्याच तिघी जावा लाटत असतील, तर तो वर्षानुवर्षं स्वस्त देऊ शकतो. तो थकेल याची वाट बघत बसू नका. उद्घाटनाची सवलत असेल तर दोन-तीन महिन्यांत पाटी बदलते. आणि मशीनवर दाबून काढलेली पोळी असेल तर मजुरी खरोखरच वाचते, पण मशीनमधून घडीची पोळी निघत नाही. ती गरम असताना बरी लागते. दुपारच्या डब्यात कडक झालेली दिसते. म्हणून आणलेल्या दोन पोळ्या डब्यात घालून चार तासांनी खाऊन बघा. तुमची गिऱ्हाइकं डब्याची आहेत की गरम जेवणारी, यावर पुढचं बरंच ठरतं.

३. एका पोळीमागे मला किती सुटतात, हे कसं काढायचं?

भाडं, वीज, मदतनिसाचा पगार हे पोळी विकली नाही तरी जाणारे पैसे. ते आधी बाजूला ठेवा. फक्त एक जास्तीची पोळी केली तर खिशातून काय जातं तेवढंच धरा.

एक किलो पिठाची कणीक साधारण १ किलो ६०० ग्रॅम होते. ५० ग्रॅमचा उंडा धरला तर किलोला ३२ पोळ्या. भाजल्यावर तीच पोळी ४२ ग्रॅम भरते. पीठ तेव्हा दळणासकट ४८ रुपये किलो पडत होतं, म्हणजे पोळीला दीड रुपया. तेल-मीठ ५० पैसे, गॅस ६० पैसे, लाटण्या-भाजण्याची मजुरी साडेतीन रुपये, कागद आणि पिशवी ४० पैसे. झाले साडेसहा. १४ला विकली की साडेसात रुपये सुटतात.

यात दोन गोष्टी बघा. सगळ्यात मोठा खर्च मजुरीचा आहे, पिठाचा नाही. आणि पीठ-तेल मिळून पोळीच्या भावातले फक्त दोन रुपये आहेत. प्रश्न ६ वाचताना हे लक्षात ठेवा.

४. भाव उतरवला तर गिऱ्हाईक टिकेल ना? मग नुकसान कुठे?

गिऱ्हाईक टिकेल, पैसे टिकणार नाहीत. हा हिशेब मी पाटी लागल्यावर आठव्या दिवशी केला, आणि नंतर जे काही केलं ते याच्यावर केलं. म्हणून जरा सावकाश मांडते.

एक घर ८ पोळ्या आणि एक भाजी नेतं. पोळ्यांचे सुटतात ८ गुणिले साडेसात, म्हणजे ६० रुपये. भाजीच्या डब्यामागे २८. एका घरामागे रोजचे ८८ रुपये. ७५ घरं आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १,७१,६०० रुपये. यातून भाडं, वीज, मदतनीस, पाणी असा बांधील खर्च १,०५,००० जायचा. हातात ६६,६००.

आता भाव १० केला असं धरा. पोळीमागे साडेसातऐवजी साडेतीन सुटणार. घरामागे ८८चे ५६ होतात. एकही घर गेलं नाही, अगदी ७५च्या ७५ राहिली, तरी महिन्याला १,०९,२०० येतात. बांधील खर्च वजा केला की हातात ४,२००. सगळी गिऱ्हाइकं टिकवून, तेवढ्याच पोळ्या लाटून, महिन्याला चार हजार!

उलट बाजूने बघू. भाव १४च ठेवला आणि घरं गेली. किती घरं गेल्यावर मी त्याच ४,२००वर येईन? साधारण ४८ घरं उरली की. म्हणजे २७ घरं, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, गमावल्यावर मी तिथे पोचते जिथे भाव उतरवून पहिल्याच दिवशी पोचले असते. शिवाय ४८ घरांसाठी कष्ट आणि गॅस दोन्ही कमी.

एक सावधगिरी. हा हिशेब पुष्कळजणी फक्त पोळीवर करतात. तसा केला तर निम्म्याहून जास्त घरं गेली तरी चालतं असं दिसतं, कारण ६०० पोळ्यांचे साडेतीनने जेवढे सुटतात तेवढे २८० पोळ्यांचे साडेसातने सुटतात. पण पोळीचं गिऱ्हाईक गेलं की त्याची भाजीही जाते. म्हणून हिशेब घराचा करा, पोळीचा नको.

५. मग फक्त महिनाभर भाव उतरवला तर? तो घाबरून गप्प बसेल.

तो नऊ करेल. त्याची पोळी लहान आहे, पिठाचा खर्च कमी आहे, त्याला अजून जागा आहे. तुम्ही नऊला गेलात तर आठ. आणि महिन्याने परत १४ करताना ज्यांनी कधीच कुरकुर केली नव्हती त्यांनाही तो चार रुपयांनी 'वाढलेला' वाटेल. महिनाभर उतरवण्याची किंमत माझ्या हिशेबात ६२,४०० रुपये होती. ६०० पोळ्या, ४ रुपये, २६ दिवस.

६. भाव तोच ठेवून पोळी किंचित लहान केली तर कुणाला कळतंय?

मी केली होती, म्हणून सांगते. पाटी लागल्यावर तिसऱ्या आठवड्यात, कुणाला काही न बोलता, उंडा ५०चा ४५ ग्रॅम करायला सांगितला. लाटणाऱ्या मावशींनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

आठेक दिवसांनी चरईतल्या एका ताईंचा फोन आला. मुलगा शाळेत डबा नेतो, त्यात चार पोळ्या. म्हणाल्या, "हल्ली तो घरी येतो तेव्हा भुकेला असतो, वाढीचं वय आहे, उद्यापासून पाच द्या." मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला, की एक पोळी वाढली. दुसऱ्या आठवड्यात त्या यायच्या बंद झाल्या. पाच पोळ्या म्हणजे ७० रुपये, हे त्यांनीही मोजलं असणार.

आता यातून मी वाचवलं किती? पिठाचे पोळीमागे १५ पैसे, तेलाचे फार तर ५. रोजच्या ६०० पोळ्यांवर १२० रुपये, महिन्याला ३,१२०. आणि एक घर गेलं की महिन्याला ८८ गुणिले २६, म्हणजे २,२८८ रुपये जातात. दोन घरं गेली की बचत संपली आणि वर तोटा. पिठात पैसा नाहीच, तर पीठ चोरून मिळणार काय? तेलाचं तेच. शेंगदाण्याऐवजी पामतेल, भाजीत काजूऐवजी बेसन, कालच्या उसळीला आज नवी फोडणी, सगळ्यांचं गणित असंच निघतं: रोजचे शे-दीडशे रुपये, आणि एकदा जिभेला कळलं की गिऱ्हाईक भांडत नाही, नुसतं येत नाही. समोरच्याशी आपला फरक काय होता? वजन आणि तेल. तोच आपण आपल्या हाताने पुसतो.

उंडा परत ५०चा केला आणि फळ्यावर लिहिलं: 'घडीची पोळी, उंडा ५० ग्रॅम, शेंगदाणा तेल, १४ रुपये'. फळ्यावर लिहिलं की मलाच कमी करता येत नाही, हा त्यातला खरा उपयोग.

७. मी काही सांगितलेलं नाही, तरी पोळी लहान होतेय असं वाटतं. कसं ओळखू?

पोळ्या भागिले पीठ. रात्री डब्यातलं उरलेलं पीठ मोजा, दिवसभरात किती किलो गेलं ते काढा आणि झालेल्या पोळ्यांना त्याने भागा. ३२च्या आसपास आलं तर ठीक. पीठ नवं-जुनं असेल, पावसाळी हवा असेल तर एखाद-दोन पोळ्यांचा फरक पडतो. सलग चार दिवस ३५-३६ आलं तर उंडा घसरलाय.

यात कुणाची बदमाशी असतेच असं नाही. मजुरी नगावर असेल तर लहान उंडा पटकन लाटला जातो, हात आपोआप तिकडे वळतो. शिवाय दुकानात 'समोर दहाला आहे' ही चर्चा चालू असते, ती मावशींच्याही कानावर पडते. ओरडू नका. दर तासाला एक उंडा काट्यावर ठेवायचा, एवढी सवय पुरते.

भाजीसाठी माझी खूण वेगळी आहे: रात्री उरलेली भाजी वहीत लिहायची आणि ती कुठे गेली तेही. 'घरी नेली', 'मावशींना दिली', 'टाकली'. कुठे गेली ते लिहिलेलं नसेल तर ती उद्याच्या पातेल्यात गेली असं समजा.

८. गिऱ्हाईक काउंटरवर म्हणतं, "तिकडे दहाला मिळते." काय बोलू?

खरं तेच. मी सुरुवातीला 'अहो पण आमची क्वालिटी' वगैरे सुरू करायचे. क्वालिटी हा शब्द तोंडातून निघाला की समोरचा ऐकायचं थांबतो. आता एवढंच:

"हो काका, मिळते. ती तीस ग्रॅमची आहे, आपली बेचाळीसची. तुम्हाला लहान हवी असेल तर संध्याकाळी फुलका आहे, आठ रुपये."

पुढे गप्प बसायचं. काका दोन घेऊन बघतील नाहीतर जातील. त्या केंद्राबद्दल वाईट बोलायचं नाही. गल्ली केवढी आहे, तुमचं वाक्य अर्ध्या तासात तिखटमीठ लावून तिकडे पोचतं. आणि ओळखीच्या एकाला हळूच १२ला देऊ नका. सोसायटीच्या ग्रुपवर ती बातमी तुमच्या आधी पोचते, आणि पुढच्या आठवड्यात १४ देणारे सगळे मूर्ख ठरतात.

९. काहीतरी स्वस्त ठेवावंच लागेल असं दिसतंय. काय ठेवू?

वेगळ्या नावाची, वेगळी दिसणारी, खरोखर कमी खर्चाची वस्तू. तीच पोळी स्वस्तात नको. प्रश्न १मधल्या खुणांत मला दिसलं की फक्त भाजी नेणारी घरं बरीच आहेत आणि ती बहुतेक रात्री येतात. दोघंच राहणारी, हलकं जेवणारी. त्यांच्यासाठी ३० ग्रॅमच्या उंड्याचा, बिनतेलाचा फुलका ८ रुपयांना ठेवला. खर्च ३ रुपये ७० पैसे, सुटतात ४ रुपये ३० पैसे.

धोका असा की १४ची पोळी नेणारे फुलक्यावर येतील. तेही मोजायचं. १०० फुलक्यांचे ४३० रुपये सुटतात. तेवढे ५७ पोळ्यांचे सुटतात. म्हणजे दर १०० फुलक्यांमागे पोळ्या ५७पेक्षा जास्त घटल्या तर फुलका बंद करायचा. माझ्याकडे रोज सुमारे १२० फुलके जायला लागले आणि पोळ्या ३०ने उतरल्या. महिन्याला साडेसात हजार जास्तीचे सुटले.

दोन बंधनं पहिल्यापासून घातली. फुलका फक्त संध्याकाळी सात ते साडेनऊ, आणि पाचच्या आत नोंदणी. दुपारी ठेवला असता तर डब्याची गिऱ्हाइकं तिकडे वळली असती, आणि डब्यात फुलका वातड होतो. मग तक्रार फुलक्याची नाही, माझी.

१०. माझं केंद्र ऐरोलीत आहे. गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसची आणि पीजीतली मुलं. त्यांना ग्रॅमशी काही घेणं नाही. हे सगळं मला लागू होतं का?

अर्धंच. चौथ्या प्रश्नातला हिशेब तुम्हालाही करायचाय, पण त्यातलं 'घरं टिकतात' हे गृहीत तुमच्याकडे कच्चं आहे. पीजीतला मुलगा वर्षभरात खोली बदलतो, त्याला शेजार नाही, उधारीची वही नाही. चार रुपयांसाठी तो खरंच रस्ता ओलांडतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या महिनाअखेरीचा प्रश्न आहे.

अशा ठिकाणी भाव खाली आणावा लागू शकतो. मात्र आधी खर्च खाली आणा आणि तोही सगळ्यांना दिसेल असा. ऐरोलीच्याच एका केंद्राच्या ताईंनी रोजच्या चार भाज्यांऐवजी दोन केल्या. चार पातेल्यांत मिळून रोज तीन-साडेतीन किलो भाजी उरायची, ती किलोभरावर आली. स्वतःचा डबा आणणाऱ्याला तीन रुपये कमी. सुटी पोळी मागे टाकून चार फुलके, भाजी, आमटी असा एकच ठरलेला डबा पुढे केला, पैसे पंधरवड्याचे आधी. आता त्या मुलाला १० आणि १४ शेजारी ठेवून बघताच येत नाही, कारण समोरच्याकडे आमटी नाही. निवड कमी झाली हे पाटीवर लिहिलेलं आहे. पातळ आमटी करून तेवढेच पैसे वाचवले असते तर ते लिहिता आलं नसतं. माझी कसोटी हीच आहे: बदल फळ्यावर लिहिण्यासारखा आहे का?

११. लाटणाऱ्या मावशींनाच त्याने जास्त पैसे देऊन बोलावलं. मी काय करू?

हा भावापेक्षा मोठा धोका आहे, आणि पैसे इथे घालायचे. माझ्याकडे तिघी आहेत. एकीला बोलावणं आलं तेव्हा मी तिघींची मजुरी नगामागे ५० पैशांनी वाढवली. महिन्याला ७,८०० रुपये. प्रश्न ५मधल्या ६२,४००च्या शेजारी ठेवून बघा. घडीची पोळी सगळ्यांना सारखी येत नाही, हात बदलला की चौथ्या दिवशी गिऱ्हाईक विचारतं, "मावशी बदलल्या का?" एकीलाच वाढवून दिलं असतं तर उरलेल्या दोघी गेल्या असत्या, आणि बरोबरच होतं.

१२. आम्ही दोघं बसून एकच भाव ठरवून घेऊ का? भांडणच नको.

नको. स्पर्धकांनी आपसात भाव ठरवणं २००२च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. एवढ्याशा दुकानाला कोण विचारतंय, असं म्हणाल. पण व्यवहारातही ते टिकत नाही. पंधरा दिवसांत कुणीतरी दोन पोळ्या फुकट घालतो आणि मग खरं भांडण होतं. ओळख मात्र ठेवा. एका रविवारी त्यांचा गॅस संपला तेव्हा आमच्याकडून पोळ्या घेऊन गेले, १४ने.

१३. तो घरगुती सिलिंडर वापरतो म्हणून स्वस्त देतो. तक्रार करू का?

घरगुती लाल सिलिंडर १४.२ किलोचा, धंद्याचा निळा १९ किलोचा, आणि धंद्यात लाल वापरणं नियमाबाहेर आहे, हे खरं. पण प्रश्न ३मध्ये बघा, गॅसचा वाटा पोळीमागे ६० पैसे. चार रुपयांचा फरक त्यातून येत नाही. तक्रारीने त्याचा भाव बदलणार नाही, आणि तपासणीला माणूस आला की तो शेजारच्या दुकानातही डोकावतो. तुमचा अन्नपरवाना भिंतीवर लावलेला आहे का? मुदत संपलेली नाही ना?

सिलिंडर जिन्याखाली किंवा फुटपाथवर उघडा ठेवलेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी जाऊन सांगा, ऐकलं नाही तर तक्रार करा. तिथे तुम्ही धंदेवाल्या नाही, शेजारी आहात.

१४. गणपतीत त्याने मोदकाचा भाव पाडला तर?

पडू द्या. उकडीच्या मोदकात हात किती आहेत यावर माल ठरतो, भावावर नाही. चतुर्थीच्या सकाळी तुम्ही ठरावीक नगांपेक्षा जास्त करूच शकत नाही, मग स्वस्त देऊन कुणाला देणार? निम्मे पैसे आधी घेऊन नोंदणी करा आणि आकडा भरला की बंद करा. पुरणपोळीचं होळीला तेच.

१५. किती दिवस थांबायचं? घरं परत आलीच नाहीत तर?

आकडा आधी ठरवा, घाबरलेल्या दिवशी नको. मी ठरवलं होतं: सलग सहा आठवडे ५५च्या खाली राहिलं तर जागा लहान करायची. पाचव्या आठवड्यात ६१ घरं उरली होती. हातात महिन्याला साडेचौतीस हजार, आधीच्या निम्म्याच्या आसपास. गंमत नव्हती. त्या काळात दुपारी दोन ते सहा दुकान बंद ठेवायला सुरुवात केली, मदतनीस अर्ध्या दिवसावर आणला, सहा हजार वाचले. तो माझ्यावर नाराज झाला, आणि नंतर दुसरीकडे गेला. ते नुकसान वहीत दिसत नाही. तिसऱ्या महिन्यात घरं ६६ झाली आणि फुलके धरून गाडी रुळावर आली. ७५ आजही नाहीत.

५५च्या खाली गेलं असतं तर? तरी भाव नसता उतरवला. भाडं उतरवलं असतं. मुख्य रस्त्यावरचा गाळा सोडून आत सोसायटीतली जागा, आणि पोळ्या घरपोच. माझी बहुतेक घरं चालत दहा मिनिटांच्या आत आहेत. त्यांना पाटी नको, पोळी हवी.

१६. आणि तोच बंद पडला तर? तेव्हा भाव वाढवू का?

लगेच नको. त्याची गिऱ्हाइकं पहिल्या आठवड्यात तुमच्या दारात येतात, आणि त्यांच्या डोक्यात १०च आहे. त्यांच्यासाठी फुलका दुपारीही ठेवायचा का, हे प्रश्न ९मधल्या ५७च्या हिशेबावर ठरवा. गहू किंवा मजुरी वाढली तर तारीख घालून फळ्यावर आठ दिवस आधी लिहा आणि मग वाढवा. आमच्याकडचं पलीकडचं केंद्र चालू आहे. पोळी आता १२ला झालीय.